भांडवल कलम तपासताना आधी गुणाकार कर

कंपनीच्या मेमोरँडमचा मसुदा हातात आला की भांडवल कलम नुसतं वाचू नकोस, कॅल्क्युलेटर घेऊन बस. समज, लिहिलंय: अधिकृत भांडवल रु. 15,00,000 (रुपये पंधरा लाख फक्त), त्यात प्रत्येकी रु. 10 चे 1,00,000 इक्विटी शेअर आणि प्रत्येकी रु. 10 चे 5,000 प्रेफरन्स शेअर. वाचताना खटकत नाही. गुणाकार केलास तर 10,00,000 अधिक 50,000, म्हणजे साडेदहा लाखच होतात. बहुतेक वेळा दर्शनी किंमत 100 वरून 10 केलेली असते आणि शेअरची संख्या जुनीच राहते. पण दुरुस्ती अंदाजाने करू नकोस. 50,000 प्रेफरन्स शेअर हवेत की 100 ची किंमत, हे पक्षकाराला विचार. मग अक्षरी रक्कम वेगळी वाच, कारण आकडा बदलणारा अक्षरांकडे हमखास दुर्लक्ष करतो. शेवटी सह्यांच्या तक्त्यातल्या शेअरची बेरीज त्या त्या प्रकारच्या अधिकृत संख्येपेक्षा जास्त नाही ना, तेही बघ.

नाव कलमासाठी नाव मंजुरीचं पत्र शेजारी ठेव आणि अक्षर न् अक्षर जुळव. ‘सर्व्हिस’ की ‘सर्व्हिसेस’, ‘अँड’ की चिन्ह, ‘प्रायव्हेट’ सुटलं का, इथेच घोळ होतो. मुखपृष्ठ, नियमावली आणि सह्यांचं पान यांवरही तेच नाव हवं.