घरी विम्याचं पत्र लिहिताना

अमेरिकेतला आरोग्य विमा घरी समजावताना ‘सगळं कव्हर आहे’ एवढंच लिहू नकोस. मी तसंच लिहिलं होतं. पुढे बिल आलं आणि तिकडे मालवणात बाबांची झोप उडाली.

त्यापेक्षा हिशोबच मांड. समज, हात मोडला आणि नेटवर्कमधल्या, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेल्या, हॉस्पिटलचं मंजूर बिल झालं 2,500 डॉलर. डिडक्टिबल 500 असेल, तर ते आधी आपण भरायचे. उरलेल्या 2,000 पैकी 20 टक्के, म्हणजे 400, तेही आपलेच. एकूण 900 आपले, 1,600 कंपनीचे. आकडे मात्र तुझ्या प्लॅनमधले घाल. नेटवर्कबाहेर गेलास तर आपला वाटा फुगतो, हेही लिही.

दातांचा खर्च बहुधा यात नसतो. दाढ मे महिन्यात आंबे खायला येशील तेव्हा कुडाळलाच दाखव.