निळे घोडे कुठून आले?

प्रश्न: बाबा एसटीत कंडक्टर होते, मागच्या वर्षी गेले. त्यांच्यावर कविता लिहितोय. 'बाबांच्या डोळ्यांतून निळे घोडे उधळतात / घड्याळातून मासे गळतात / चंद्र आपलाच आरसा गिळतो.' मित्र म्हणतो, काहीही लिहिलंयस. स्वप्नासारख्या प्रतिमा 'काहीही' वाटू नयेत म्हणून काय करायचं?

उत्तर:

मित्रावर रागावू नका. निळ्या घोड्यांच्या जागी हिरवे हत्ती घालून ओळ पुन्हा वाचा. काही बिघडलं? नाही ना, मग घोडे तिथे असायची गरजच नव्हती. घोडे, मासे, चंद्र, आरसा हा सगळा तयार माल आहे, कुणाच्याही कवितेत चालतो. तुमच्या बाबांच्या हाताखालून गेलेली एकही वस्तू त्यात नाही.

म्हणून आधी स्वप्न बाजूला ठेवा आणि वस्तू आठवा. खाकी शर्ट, खांद्याची कातडी पिशवी, सुटे पैसे, तिकिटांची पेटी, दांडीवर टकटक वाजणारा पंच. जुन्या लाल डब्यात छताला लागून एक दोरी असायची आणि तिच्या टोकाला ड्रायव्हरजवळ घंटी. एक टोला म्हणजे थांब, दोन टोले म्हणजे चल. आता सांगा, तुमच्या घरात दोरी कुठे आहे? कपडे वाळत घालायची. बस, सांधा सापडला:

बाबांचा खाकी शर्ट वाळत घालताना
आईनं दोरी ओढली.
दोन टोले पडले.
घर निघालं.

घर चालायला लागणं ही निळ्या घोड्यांपेक्षा कितीतरी मोठी थाप आहे, तरी ती पचते. कारण दोरी दोन्हीकडे खरी आहे, घरातही आणि गाडीतही. शिवाय दोन टोल्यांनंतर गाडी हलणार हे वाचकाच्या अंगातच भिनलेलं आहे. अशक्य गोष्ट घडायच्या आधीच तिचा नियम त्याला माहीत असतो. (हत्तीची चाचणी इथे करून पाहा. दोरीच्या जागी दाराची कडी घाला, घर जागचं हलत नाही.)

यानंतर नवी अद्भुत गोष्ट आणायची नाही. मोह खूप होतो. घर निघालंय तर उडवूया, खिडकीतून मासे पोहताना दाखवूया. तसं केलंत की पहिली थापही उघडी पडते. काफ्काची 'मेटामॉर्फॉसिस' ही कथा (1915) पाहा. माणूस सकाळी उठतो तो किडा होऊन, हे पहिल्याच वाक्यात उरकलंय. पुढे त्याला काळजी कसली, तर पाचची गाडी चुकल्याची आणि कामावरून कुणीतरी विचारायला येईल याची. अशक्य एकच, बाकी सगळा रोजचा हिशेब. तुमच्याकडेही तेच करा. घर निघालं तर काय काय होईल?

मांडणीवरची भांडी मागे सरकली.
आईनं एका हातानं खांब धरला,
दुसऱ्यानं पदराची गाठ सोडून
सुटे पैसे मोजायला घेतले.

इथे आई दचकत नाही, हे मुद्दाम. स्वप्नात आपण सहसा 'अरे, हे कसं काय?' असं म्हणत नाही, स्वप्नाची खूण तीच. म्हणून 'जणू', 'भास झाला', 'गूढ', 'अद्भुत' हे शब्द दिसले की काढून टाका. 'जणू घर निघालं' म्हटलंत की तुमचाच त्यावर विश्वास नाही हे वाचकाला कळतं. भांडी सरकली हे ज्या आवाजात सांगता, त्याच आवाजात घर निघालं हेही सांगायचं.

आणखी एक गंमत. थांबायचा नियमही आपण आधीच देऊन ठेवलाय. एक टोला दिला की घर थांबेल, पण दोरीवर आता ओला शर्ट आहे. आई ती ओढेल की नाही? कवितेचा शेवट या प्रश्नाभोवतीच कुठेतरी आहे, तो बाहेरून आणावा लागणार नाही.

मात्र एक खड्डा आहे आणि मी त्यात अनेकदा पडलोय. सांधा फार चपखल बसला की प्रतिमा कोडं होते. बस म्हणजे आयुष्य, प्रवास म्हणजे मृत्यू, शेवटचा थांबा म्हणजे... झालं, कविता संपली. एखाद्याने वाचून लगेच 'हां, म्हणजे जीवनाचा प्रवास!' असं म्हटलं तर समजा की वस्तूंचा वस्तूपणा गेला. त्यावर उपाय म्हणजे ज्याचा अर्थ लावता येत नाही पण जे खरं आहे असं काहीतरी आत राहू द्या: पिशवीच्या पट्ट्याचा खांद्यावर पडलेला वळ, न खपलेली फाटकी नोट. तसंच रात्री पडलेलं स्वप्न जसंच्या तसं उतरवूनही काम होत नाही, कारण त्याचे सांधे तुमच्या डोक्यात असतात, कागदावर नसतात.

घराच्या कपाळावर गाडीसारखी पाटी लावावीशी वाटेलच. लावा, पण तिच्यावर 'अनंत' वगैरे लिहू नका. बाबांची ड्युटी ज्या गावाला असायची त्याचं नाव लिहा. ते कुठलं, हे तुम्ही प्रश्नात सांगितलंच नाहीत.