सप्ताहाचं रेकॉर्डिंग: तासाला किती जीबी धरायचे?

«आमच्या गावात अखंड हरिनाम सप्ताह आहे, सात दिवस. दोन सोनी कॅमेरे आहेत, दोन्हींवर ४के होतं. कीर्तन, प्रवचन, हरिपाठ सगळं घ्यायचं आहे. तासाला किती जीबी धरायचे? किती कार्डं आणि केवढी हार्ड डिस्क घेऊ?»

एकूण फुटेज साधारण १.८ टीबी होईल. १२८ जीबीची दोन कार्डं, २५६ जीबीची दोन कार्डं आणि ४ टीबीच्या दोन हार्ड डिस्क घ्या. दुसरी डिस्क पहिलीची जुळी प्रत ठेवायला आहे, जास्तीची जागा म्हणून तिच्याकडे बघू नका.

आता हिशेब. तुम्हाला कोणीतरी «तासाला तेरा जीबी» सांगेलच, कारण हा आकडा अजून मंडपामंडपांतून फिरतोय. तो खोटा नव्हता. मिनीडीव्ही कॅसेटच्या काळात एका तासाची कॅसेट संगणकात उतरवली की तेरा जीबीच्या आसपास जागा जायची, कारण त्या कॅमेऱ्यात दर्जा एकच होता. आजच्या एकाच कॅमेऱ्यात तासाला सात जीबीपासून पंचेचाळीस जीबीपर्यंत काहीही होऊ शकतं. त्यामुळे «४केला तासाला किती?» या प्रश्नाला उत्तरच नाही, आणि रिझोल्यूशनवरून जागा सांगणाऱ्या माणसाचं मी ऐकत नाही. जागा ठरते बिटरेटवरून.

सोनीच्या मेनूत File Format खाली Record Setting असतं. तिथे 25p 100M, 25p 60M, 50p 50M, 25p 16M असं लिहिलेलं दिसेल. शेवटचा आकडा म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट. त्याला ०.४५ ने गुणा, तासाचे जीबी हातात येतात. तासात ३,६०० सेकंद आणि आठ बिटांचा एक बाइट, म्हणून हा गुणक. 100M म्हणजे तासाला ४५ जीबी, 60M म्हणजे २७, 50M म्हणजे साडेबावीस आणि 16M म्हणजे सव्वासात. हे बिट आणि बाइट एक समजू नका. 100M ला कार्डावर सेकंदाला साडेबारा मेगाबाइट लिहिले जातात. कार्डाच्या तोंडावर मोठ्या अक्षरांत छापलेला वेग बहुतेक वेळा वाचण्याचा असतो, लिहिण्याचा नाही. त्याऐवजी इंग्रजी U च्या आत ३ लिहिलेलं किंवा V30 लिहिलेलं कार्ड घ्या. ते किमान ३० मेगाबाइट लिहितं आणि सोनी 100M साठी तेच मागतो.

लोक चुकतात ते गुणाकारात नाही, तास मोजण्यात. पत्रिकेवर कीर्तन ९ ते ११ असं छापलेलं असतं. पण कॅमेरा पावणेनऊला चालू करावा लागतो, कारण टाळकरी उभे राहून चाल सुरू झालेली असते आणि महाराज वीणा गळ्यात घालतात तो क्षण सगळ्यांना हवा असतो. शेवटी आरती, मग दुसऱ्या दिवशीच्या अन्नदात्यांची नावं. सव्वाअकरा होतात. म्हणजे कीर्तन अडीच तासांचं धरा. दुपारी ४ ला प्रवचन आणि त्याला लागून हरिपाठ, दोन्ही मिळून सव्वादोन तास. काकडा आणि पारायण तुम्ही विचारलेलं नाही, म्हणून सोडून देतो.

आणि सप्ताह सात दिवसांचा नसतो. आठव्या दिवशी काला असतो! काल्याचं कीर्तन सकाळचं, दहीहंडीसकट तीन तास धरा, त्याआधी दिंडीची नगरप्रदक्षिणा दोन तास. सातने गुणून डिस्क घेतलेला माणूस नेमका याच दिवशी अडकतो, आणि मंडळाला सगळ्यांत जास्त हवा असतो तोही हाच दिवस.

आता कॅमेरे वाटून घेऊ. हातातला कॅमेरा, ज्याच्या मागे माणूस उभा आहे, तो सगळं घेईल. रोजचे पावणेपाच तास, सात दिवसांचे सव्वातेहतीस, वर काला आणि दिंडी मिळून पाच. एकूण सव्वाअडतीस तास. तो एचडीत 50p 50M वर ठेवा. ८६१ जीबी झाले. समोर स्टँडवर लावलेला, पूर्ण व्यासपीठ दाखवणारा कॅमेरा फक्त कीर्तनाला चालवा. साडेसतरा तास आणि काल्याचे तीन, साडेवीस तास. तो ४केत 25p 100M वर. ९२३ जीबी.

मिक्सरमधून वेगळा आवाज घेत असाल तर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, दोन ट्रॅकला तासाला एक जीबीच्या किंचित वर लागतो. सगळ्या कार्यक्रमाला ४० जीबी. आवाजासाठी कधीच काटकसर करू नका, तिथे वाचण्यासारखं काही नसतंच. सगळी बेरीज १,८२४ जीबी.

ही २ टीबीच्या डिस्कमध्ये मावते, तरी ती घेऊ नका. नव्वद टक्क्यांच्या वर भरलेल्या डिस्कवर एडिटिंगला जागा राहत नाही, आणि एका महाराजांनी अर्धा तास जास्त घेतला की तुमचा हिशेब संपला.

बहुतेक जण याच्या उलट करतात. महागडा, हातातला कॅमेरा ४केत आणि कोपऱ्यातला एचडीत. हे मला पटत नाही आणि यावर मी अनेकांशी भांडलोय. तुमचं कीर्तन शेवटी एचडीतच यूट्यूबवर जाणार असेल, तर हातातल्या कॅमेऱ्याची चौकट माणूस जागेवरच नीट करतो, त्याला जास्तीचे पिक्सेल काय कामाचे? स्टँडवरच्या कॅमेऱ्याची चौकट मात्र हलत नाही. तो ४केत असेल तर एडिटिंगला त्यातूनच महाराजांचा अर्धा देह कापून काढता येतो, मृदंगवाल्याचे हात काढता येतात, आणि तरीही चित्र एचडीला पुरतं. दोन कॅमेऱ्यांत तिसऱ्याचं काम होतं. दोन्ही 100M वर ठेवले तर बेरीज २,६८४ जीबी होते, म्हणजे ८६० जीबी निव्वळ हट्टासाठी.

कार्डांकडे येऊ. स्टँडवरच्या कॅमेऱ्याला रोज रात्री अडीच तासांचे ११२.५ जीबी लागतात. १२८ चं कार्ड 100M वर २ तास ५० मिनिटं चालतं, त्यामुळे सात रात्री ते पुरेल आणि तुम्ही निर्धास्त व्हाल. काल्याला १३५ जीबी लागतात. तिथे ते महाप्रसादाच्या घोषणेआधीच भरेल, आणि तो कॅमेरा कोणी बघत नसल्यामुळे कळणारही नाही. म्हणून त्या कॅमेऱ्याला २५६. हातातल्याला रोज १०७ जीबी आणि शेवटच्या दिवशी ११२.५, त्याला १२८ चालतं. कॅमेऱ्याला दोन कार्डं अशासाठी की आजचं कार्ड परवा वापरायचं, आणि तेही दोन्ही डिस्कवर प्रत उघडून पाहिल्यावरच फॉरमॅट करायचं. «रात्री कार्ड मोकळं करू, उद्या तेच लावू» म्हणणाऱ्याला कॉपी करायला किती वेळ लागतो ते आधी विचारा.

तो वेळ असा. दिवसाचं फुटेज २२० जीबीच्या आसपास. यूएसबी ३ चा कार्ड रीडर आणि साधी पोर्टेबल हार्ड डिस्क असेल तर सेकंदाला १०० मेगाबाइट मिळतात, एक प्रत चाळीस मिनिटांत होते, दोन प्रती ऐंशी मिनिटांत. रीडर जुना, यूएसबी २ चा असेल तर ३५ मेगाबाइटवर अडकतो. एका प्रतीला पावणेदोन तास, दोन्हींना साडेतीन. कीर्तन सव्वाअकराला संपलं तर तुम्ही पावणेतीनला मोकळे, आणि ४ ला काकड्याचा भोंगा. तिसऱ्या रात्री माणूस डुलक्या घेत चुकीचं कार्ड फॉरमॅट करतो ते यामुळे. रीडर बदला, आणि हरिपाठ संपला की सव्वासहा ते पावणेनऊच्या मधे हातातल्या कॅमेऱ्याचं कार्ड एकदा उतरवून घ्या. न पुसता तेच परत लावा. रात्रीचं पन्नास जीबीचं ओझं कमी होतं.

हे सगळं कागदावरचं. मंडप लागला की प्रत्यक्षात दहा मिनिटं रेकॉर्ड करून फाइल बघा. 100M ला साडेसात जीबीच्या आसपास यायला हवी, 50M ला पावणेचार. फारच कमी असेल तर सेटिंग तुम्हाला वाटतं ते नाही. लॅपटॉपवर एफएफएमपेग असेल तर:

```
ffprobe -v error -show_entries format=duration,size,bit_rate -of default=nw=1 C0001.MP4
```

bit_rate ला दहा लाखांनी भागा, मेगाबिट मिळतील.

विंडोज १२८ चं कार्ड ११९ दाखवेल. कार्ड नकली नाही, विंडोजचा जीबी मोठा असतो. वरचे माझे सगळे आकडे कार्डावर छापलेल्या जीबीत आहेत. फाइलचा आकार विंडोजमध्ये वाचून छापील आकड्याशी ताडलात तर सात टक्क्यांची चूक होते, आणि काल्याच्या कार्डात सात टक्के म्हणजे बारा-तेरा मिनिटं.

कोणी दिंडी फोनवर घेणार असेल तर त्याला हा गुणक लावू नका. फोनचा बिटरेट दृश्यानुसार बदलतो. आयफोनच्या सेटिंगमध्येच एका मिनिटाचा अंदाज लिहिलेला असतो, हाय एफिशियन्सीत 4K at 30 fps ला १७० एमबी, म्हणजे तासाला दहा जीबी. पण तो सरासरी अंदाज आहे. पताका, गुलाल, फुगड्या असलेल्या चौकटीसाठी थोडी जास्त जागा मोकळी ठेवा.

आणि कॅमेऱ्यात दोन स्लॉट असून दोन्हींवर एकाच वेळी रेकॉर्ड करणार असाल तर कार्डं दुप्पट लागतील, डिस्क तेवढ्याच.