मेटा आणि यूट्यूबचा एकत्रित रीच किती धरायचा?

प्रश्न: सांगलीत आमचं दुचाकींचं शोरूम आहे. दसऱ्याच्या जाहिरातीचा रीच मेटावर १,५०,००० आणि यूट्यूबवर ९०,००० दाखवतात. एजन्सी म्हणते, २,४०,००० लोकांपर्यंत पोचलो. हे बरोबर आहे का?

उत्तर: नाही. मेटावर जाहिरात पाहिलेल्यांपैकी एकानेही ती यूट्यूबवर पाहिली नसेल, तरच २,४०,००० खरे. उलट यूट्यूबवाले सगळे मेटावाल्यांतलेच असतील, तर १,५०,०००. खरा आकडा या दोन टोकांच्या मधला.

अंदाजाची पहिली पायरी म्हणजे दोन्हीकडे दिसलेले लोक काढणं: दोन्ही रीचचा गुणाकार करून त्याला तुमच्या एकूण संभाव्य प्रेक्षकांनी भागायचं. सांगली-मिरज-कुपवाडमध्ये ही ॲप वापरणारे प्रौढ २,२५,००० आहेत असं धरू (हा आकडा उदाहरणापुरता, तुमचा तुम्ही घाला). मग दोन्हीकडचे ६०,००० येतात, आणि ते २,४०,००० मधून वजा केले की एकत्रित रीच १,८०,०००. गोम भाजकात आहे. ॲप न वापरणारेही मोजून तिथे ३,००,००० घातले की दोन्हीकडचे ४५,००० वर येतात आणि रीच फुगून १,९५,००० होतो. एजन्सीने हिशेब दिला तर आधी हाच आकडा विचारा.

पण या सूत्रात एक गृहीतक दडलंय: मेटावर दिसलेल्याला यूट्यूबवरही दिसण्याची शक्यता इतरांइतकीच. तसं नसतं. कॉलेजातली पोरं दोन्हीकडे पडीक, त्यांचे वडील बहुधा एकीकडेच. म्हणून हिशेब वयोगटानुसार करा. समजा तरुण १,००,०००. त्यांत मेटाचा रीच ८०,०००, यूट्यूबचा ६०,०००. दोन्हीकडचे ४८,०००. उरलेल्या १,२५,००० मध्ये ७०,००० आणि ३०,०००, म्हणजे दोन्हीकडचे १६,८००. बेरीज ६४,८००, आणि एकत्रित रीच १,७५,२००. म्हणजे पावणेदोन लाख म्हणा. शेवटच्या दोनशेला काही अर्थ नाही. एकाच वयोगटातही काही जण सतत ऑनलाइन असतात, त्यामुळे खरा आकडा याहूनही थोडा खालीच असण्याची शक्यता जास्त.

यूट्यूबचा रीच वयानुसार मिळाला नाही तर इम्प्रेशन्सच्या, म्हणजे जाहिरात एकूण किती वेळा दिसली त्याच्या, प्रमाणात वाटा. ढोबळ होतं, पण सरळ बेरजेपेक्षा बरं.

हे सगळं करण्याआधी मूळ आकडे तपासा. दोन्ही रिपोर्ट त्याच तारखांचे हवेत, आणि रीच पूर्ण मोहिमेचा एकत्र काढलेला हवा. रोजचा रीच बेरीज करून दिला असेल तर तोच माणूस दर दिवशी नव्याने मोजला जातो. फेसबुक आणि इन्स्टाग्राम खाती एकमेकांशी जोडलेली नसतील, तर मेटाच्या एकाच आकड्यातही एक माणूस दोनदा येतो. शिवाय लोकेशन सैल ठेवलं असेल तर मिरज जंक्शनवर गाडी बदलणारे प्रवासीही तुमच्या रीचमध्ये येतात. एखाद्या वयोगटाचा रीच त्या वयाच्या शहरातल्या लोकसंख्येच्या जवळ किंवा वर गेला, की यांपैकी काहीतरी झालंय असं समजा आणि तो आकडा सूत्रात घालू नका.