घड्याळ मागे गेलं आणि रविवारच्या कॉलवर पोहण्याचा क्लास आला

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. सासू-सासरे नाशिकला असतात. दर रविवारी आमच्या सकाळी दहाला, म्हणजे त्यांच्या संध्याकाळी साडेसातला, व्हिडिओ कॉल असतो. लेकीचा पोहण्याचा क्लास नऊ ते पावणेदहा असतो, तो आटोपून आम्ही गाडीतूनच कॉल लावतो. उन्हाळाभर सगळं सुरळीत असतं. पण नोव्हेंबर उजाडला की कॅलेंडरमध्ये कॉल आणि क्लास एकमेकांवर येतात. गेल्या वर्षी मी कॉल तासभर पुढे ढकलला, तर नाशिकला जेवणाची वेळ झाली आणि सासरे रुसले. त्याच आठवड्यात नवऱ्याची पुण्याच्या टीमबरोबरची मंगळवारची मीटिंग सकाळी साडेसातवर आली, आणि लेकीला स्कूल बसवर सोडायचं कोणी, यावरून आमची जुंपली. यंदा भांडण टाळायचं आहे. काय करावं?
– एडिसनहून एक वाचक

उत्तर : तुमच्या घरात कोणीही नवा कार्यक्रम ठरवला नव्हता, तरी दोन कार्यक्रम एकमेकांवर आले. भारताचं घड्याळ वर्षभर एकच असतं. अमेरिकेतलं बहुतेक ठिकाणी मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तासभर मागे जातं. त्यामुळे न्यू जर्सी आणि नाशिक यांच्यातलं अंतर उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास असतं. 2026 मध्ये हा बदल 1 नोव्हेंबरला, रविवारी पहाटे दोन वाजता होतो. म्हणजे घोळ सुरू होतो तो थेट तुमच्या कॉलच्याच दिवशी, आणि सावध व्हायला मधे एक दिवसही मिळत नाही.

आता पुढचं नीट बघा. कॅलेंडरमध्ये दर आठवड्याला येणारी नोंद कुठल्या तरी एका गावच्या घड्याळाला बांधलेली असते. तुमच्या कॉलची नोंद बहुधा सासऱ्यांनी नाशिकला बसून केली आहे, म्हणून ती त्यांच्या साडेसातला बांधली गेली. क्लास एडिसनच्या नऊला बांधलेला आहे. घड्याळ मागे गेलं की नाशिकचे साडेसात तुमच्याकडे नऊ वाजता येतात आणि थेट क्लासवर आदळतात. कॉलची नोंद तुम्ही केली असती तर तुमचे दहा कायम राहिले असते, आणि नाशिकला न सांगता साडेआठ झाले असते. तेव्हा रुसवा तिकडे आणि चूक कोणाचीच नाही, असा प्रकार.

कोणती नोंद कुठे बांधली आहे हे ओळखायला सेटिंगमध्ये शिरायची गरज नाही. फोनवरचं कॅलेंडर पुढे सरकवा, 1 नोव्हेंबरचा रविवार उघडा. कॉल नऊला दिसला तर तो भारताला बांधलेला, दहाला दिसला तर तुमच्या गावाला. हे ऑक्टोबरच्या सुरुवातीला एकदा पाहिलं की वर्षातल्या अर्ध्या टकरी आधीच समोर येतात. आपण कॅलेंडरमध्ये चालू आठवड्यापलीकडे बघत नाही, ही आपली सगळ्यांचीच खोड.

मग कोणी हलायचं? माझं मत स्पष्ट आहे : ज्या बाजूच्या दिवसाला हलायला कमी जागा, तिच्या घड्याळाला नोंद बांधावी आणि वेळ मात्र दोन्हीकडची पाहून ठरवावी. तुमचे सासू-सासरे आठला जेवतात, त्यानंतर गोळ्या आणि मग झोप. सत्तरी ओलांडलेल्या माणसांना साडेआठचा कॉल देणं म्हणजे त्यांचं जेवण नाहीतर औषध पुढे ढकलणं. पोहण्याचा क्लासही सत्र संपेपर्यंत हलणार नाही, कारण मधेच दुसरी वेळ मागितली तर जागा मिळेलच असं नाही. दोन्ही बाजू घट्ट असल्या की क्लासच्या नंतरची वेळ शोधत बसू नका, आधीची पाहा. हिवाळ्यात तुमची सकाळची सव्वाआठ म्हणजे नाशिकची संध्याकाळची पावणेसात. दिवेलागण झालेली, जेवण अजून लांब. पावणेनऊला कॉल संपला की लेक क्लासला निघते. रविवारी तासभर लवकर उठावं लागेल असं वाटेल, पण घड्याळ मागे गेल्यामुळे तिच्या शरीराला ती सव्वाआठ पहिल्या आठवड्यात सव्वानऊच वाटणार आहे.

हे कॅलेंडरमध्ये असं बसवा. गूगल कॅलेंडरमध्ये कॉलची 1 नोव्हेंबरची नोंद उघडा, भारतीय वेळेनुसार 6:45 करा, आणि सेव्ह करताना विचारलं जाईल तेव्हा "This and following events" निवडा. आधीचे रविवार जसे होते तसेच राहतात, पुढचे बदलतात. "All events" निवडलंत तर आजवरचे सगळेच हलतील आणि उन्हाळ्याची वेळही बिघडेल. मग 14 मार्च 2027 ची नोंद उघडून त्याच पद्धतीने पुन्हा 7:30 करा. त्या दिवशी तुमच्याकडचं घड्याळ पुढे जातं आणि तुमचे दहा परत येतात. हे काम आजच, दोन्ही वेळा एकदमच, उरकून टाका.

एक अडचण मात्र बहुतेकांना उशिरा कळते. नोंद सासऱ्यांच्या स्वतःच्या कॅलेंडरमध्ये असेल आणि तुम्ही फक्त निमंत्रित असाल, तर तुम्ही बदललेली वेळ सहसा तुमच्यापुरतीच बदलते. तुमच्या फोनवर सगळं छान दिसतं आणि नाशिकला अजून साडेसातच असतात. म्हणून घराचं एक सामायिक कॅलेंडर करा, त्यात तुम्हा दोघांना आणि सासऱ्यांना बदल करण्याची परवानगी द्या, आणि कॉल तिथे हलवा. सासऱ्यांनी कॅलेंडर उघडलंच नाही तरी हरकत नाही. 31 ऑक्टोबरला शनिवारी त्यांना फोन करून "बाबा, उद्यापासून पावणेसात बरं का" एवढं सांगा. सूनबाईने आपण होऊन विचारलं, यातच अर्धा रुसवा जातो.

यंदा आणखी एक योग आहे. लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला, म्हणजे घड्याळ बदलल्यानंतरच्या लगेचच्या रविवारी आहे. नाशिकला पूजा संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास मांडणार असतील तर तुमच्याकडे सकाळचे आठ वाजतील. त्या रविवारचा कॉल त्या एका दिवसापुरता आठला आणा, सेव्ह करताना "This event" निवडा. नातीने आजीबरोबर पूजा पाहिली आणि नंतर क्लासला गेली, तर कोणालाच काही सोडावं लागत नाही.

मंगळवारची टक्कर मात्र वेगळ्या जातीची आहे. तिथे खरोखरच एका माणसाला एकाच वेळी दोन ठिकाणी हवं आहे. तुमच्या नवऱ्याची मीटिंग उन्हाळ्यात त्याच्या साडेआठला, पुण्याच्या सहाला होती. घड्याळ मागे गेल्यावर पुण्याला सात वाजले, तिथल्या मॅनेजरने सहाची वेळ राखायला ती इकडे साडेसातला आणली. त्याचंही चुकलं नाही. त्याने नवऱ्याचं ऑफिसचं कॅलेंडर पाहिलं असणार आणि साडेसात ते आठ रिकामं दिसलं असणार. मुलीला बसवर सोडणं घरच्या कॅलेंडरमध्ये होतं, ऑफिसच्या नव्हतं. ऑफिसातल्या माणसाला घरचं कॅलेंडर दिसत नाही आणि दिसूही नये. म्हणून बसच्या वेळेची नोंद ऑफिसच्या कॅलेंडरमध्येही हाताने करा : सोमवार ते शुक्रवार साडेसात ते आठ, "Busy", आणि खाजगी. शीर्षक काहीही ठेवा, दिसायला फक्त व्यग्र दिसलं पाहिजे. एवढं केलं की पुढच्या वेळी मीटिंग लावणाऱ्याला जागा नाही हे लावण्याआधीच कळतं.

आधीच लागलेल्या मीटिंगला मात्र नुसतं नकाराचं बटण दाबू नये. पुण्यातल्या माणसाला वाटतं, हा सकाळी लवकर उठायला तयार नाही. आउटलुकमध्ये "Propose New Time" आहे, ते वापरून दोन ओळी लिहाव्यात : पावणेआठला मुलीला बसवर सोडतो, सव्वाआठपासून मोकळा आहे, तुम्हाला हिवाळ्यात पावणेसात चालतील का? सव्वाआठ म्हणजे पुण्याची पावणेसात. पूर्ण तास कोणा एकावर टाकण्याऐवजी पुण्याला पाऊण तासाचा उशीर, तुमच्याकडे पाव तासाची घाई. शिवाय हे "मार्चपर्यंत" असं म्हटलं की समोरचा माणूस लवकर तयार होतो, कारण त्याला शेवटची तारीख दिसते. हे पत्र ऑक्टोबरमध्ये जावं. नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी तो मॅनेजर सगळ्याच अमेरिकी टीमच्या वेळा हलवत बसलेला असतो.

तरीही नाही जमलं तर? मग घरात ठरवा, पण "माझी नोकरी महत्त्वाची की तुझी" या सुरात नको. विचारायचं ते एवढंच : यातलं कोणतं काम दुसऱ्या कोणाला सोपवता येतं? बसवर शेजारच्या मुलाची आईही सोडू शकते, आणि पुढच्या मंगळवारी तुम्ही तिच्या मुलाला. मीटिंगमध्ये मात्र नवऱ्याऐवजी शेजारी बसू शकत नाही. आधी नोंदवलं त्याचं खरं, हा नियम मला फारसा पटत नाही. ज्याला कॅलेंडर भरायची हौस तोच नेहमी जिंकतो.

जाता जाता सणांबद्दल. गणेश चतुर्थी यंदा 14 सप्टेंबरला, सोमवारी आहे. ती बहुतेक घरांत दिवसभराची नोंद म्हणून घातली जाते, आणि अशी नोंद गूगल आणि आउटलुक दोन्हीकडे आपोआप "Free" धरली जाते. वर पट्टी दिसते, पण त्या दिवशी मीटिंग लावणाऱ्याला तुम्ही मोकळेच दिसता. ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये ती "Busy" करा, किंवा रजा घेतली असेल तर "Out of office".

इतर देशांतल्या वाचकांसाठी : ब्रिटन आणि युरोपात बदल ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, यंदा 25 तारखेला होतो. त्यामुळे ऑक्टोबरअखेरचा एक आठवडा लंडन आणि न्यूयॉर्कमधलं अंतर चार तासांचं असतं, मार्चमध्ये हा काळ दोन-तीन आठवड्यांचा होतो. भावंडं तीन खंडांत असतील तर त्या आठवड्यातला कॉल एकदा हाताने तपासा. सिडनी-मेलबर्नला घड्याळ 4 ऑक्टोबरला पुढे जातं, ब्रिस्बेनला जातच नाही. दुबई आणि सिंगापूरच्या घरांना यातलं काहीच करावं लागत नाही, पण त्यांची बहीण शिकागोला असेल तर तिच्या कॉलची वेळ त्यांच्याकडेही तासाने हलेल.