सेन्सर, एडीसी आणि रेफरन्स: वाचकांची प्रश्नोत्तरे

एलएम-३५ सेन्सर उनो बोर्डाला जोडलाय. लॅपटॉपच्या यूएसबीवर चालवलं की तापमान दीड-दोन अंश जास्त दिसतं, चांगल्या अॅडॉप्टरवर बरोबर येतं. सेन्सर बिघडलाय का?

सेन्सर ठीक आहे, मोजपट्टी आखडली आहे. व्होल्टेजचा आकडा करणारा चिपमधला भाग म्हणजे एडीसी, आणि त्याला व्होल्ट कळत नाहीत. आत आलेला विद्युतदाब रेफरन्सच्या कितव्या हिश्शाइतका आहे, एवढंच तो सांगतो. तुमच्या बोर्डावर रेफरन्स म्हणजे बोर्डाचाच ५ व्होल्टचा पुरवठा, आणि यूएसबीवर तो पुष्कळदा पाचाच्या खाली असतो.

आकडे मांडून पाहू. दहा बिट म्हणजे १०२४ पायऱ्या. रेफरन्स खरोखर ५ व्होल्ट असेल तर एक पायरी ४.८८ मिलिव्होल्टची. एलएम-३५ दर अंशाला १० मिलिव्होल्ट देतो, म्हणजे ३० अंशांना ३०० मिलिव्होल्ट, आणि एडीसी ६१ हा आकडा देईल. आता पुरवठा ४.७ व्होल्टवर उतरला. पायरी ४.५९ मिलिव्होल्टची झाली, त्याच ३०० मिलिव्होल्टना ६५ पायऱ्या लागल्या. प्रोग्रॅम मात्र अजून पायरी ४.८८ धरून गुणाकार करतोय: ३१७ मिलिव्होल्ट, म्हणजे ३१.७ अंश. तुमचे दीड-दोन अंश हेच.

उपाय म्हणजे चिपमधला १.१ व्होल्टचा रेफरन्स वापरा. सेन्सरचा पुरवठा ५ व्होल्टच राहू द्या, त्याला तो लागतो. फायदा दुहेरी आहे: मोजमाप पुरवठ्यावर अवलंबून राहत नाही, आणि पायरी १.०७ मिलिव्होल्टची, म्हणजे साधारण ०.१ अंशाची होते. आधी ती जवळपास अर्ध्या अंशाची होती. मर्यादा एवढीच, की ११० अंशांच्या वर आकडा १०२३ वर अडकेल.

पण हा '१.१' जसाच्या तसा सूत्रात घालू नका. उनोवरच्या एटीमेगा ३२८पी चिपच्या डेटाशीटमध्ये तो १.० ते १.२ व्होल्टपर्यंत कुठेही असू शकतो असं दिलंय. तो बहुतेक स्थिर राहतो, पण प्रत्येक चिपचा वेगळा असतो. अंतर्गत रेफरन्स निवडल्यावर AREF पिनवर मल्टिमीटर लावा आणि मिळालेला आकडा लिहून ठेवा. समजा १.०८३ आला, तर:

```
const float VREF_MV = 1083.0;

void setup() {
  Serial.begin(9600);
  analogReference(INTERNAL);
  for (int i = 0; i < 10; i++) {
    analogRead(A0);
    delay(5);
  }
}

void loop() {
  int n = analogRead(A0);
  Serial.println(n * VREF_MV / 1024.0 / 10.0);
  delay(1000);
}
```

सुरुवातीची दहा वाचनं मुद्दाम फेकून दिली आहेत, कारण रेफरन्स बदलल्यावर AREF वरचा कपॅसिटर नव्या पातळीला यायला वेळ घेतो. आणि अंतर्गत रेफरन्स चालू असताना AREF पिनला बाहेरून व्होल्टेज जोडायचं नाही. दोन स्रोत आपसात शॉर्ट होतात आणि चिप जायची भीती असते.

एक अपवाद सांगितलाच पाहिजे. पोटेन्शिओमीटर, किंवा त्याच ५ व्होल्टवर डिव्हायडर करून बसवलेला थर्मिस्टर असेल तर पुरवठाच रेफरन्स ठेवा. तिथे सेन्सरचं आउटपुट आणि मोजपट्टी एकाच प्रमाणात आखडतात, त्यामुळे हिस्सा तोच राहतो. अशा जागी 'अचूक' रेफरन्स बसवून लोक हाताने चूक ओढवून घेतात.

पण चिप आत नेमकं करते काय? १०२४ पायऱ्या एकेक तपासते का?

नाही, दहाच तुलना करते. आत आकड्यावरून व्होल्टेज बनवणारा एक छोटा डीएसी आणि दोन व्होल्टेज ताडून पाहणारा एक कंपॅरेटर असतो. सर्वांत मोठ्या बिटपासून सुरुवात होते: डीएसी निम्मा रेफरन्स तयार करतो, कंपॅरेटर आत आलेल्या दाबाशी तो ताडून पाहतो. दाब जास्त असेल तर बिट १ राहतो, कमी असेल तर पुसला जातो. मग पुढचा बिट.

वरचेच ३०० मिलिव्होल्ट आणि नेमका १.१ व्होल्टचा रेफरन्स घ्या. ५१२ म्हणजे ५५० मिलिव्होल्ट, जास्त झाले, बिट ०. २५६ म्हणजे २७५, चालतील, बिट १. त्यात १२८ घातले की ४१२.५, नकोत. ६४ घातले तर ३४३.८, नकोत. ३२ घातले तर ३०९.४, तेही नकोत. १६ घातले की २९२.२, ठेवा. ८ घातले की ३००.८, अगदी थोडक्यात हुकले, ०. मग ४, २ आणि १ तिन्ही टिकतात आणि २९९.७ वर गाडी थांबते. उत्तर `0100010111`, म्हणजे २७९.

उनोवर एडीसीचं घड्याळ १२५ किलोहर्ट्झचं आहे आणि एका वाचनाला १३ ठोके लागतात, म्हणजे १०४ मायक्रोसेकंद. एवढ्या वेळात दाब हलला तर आधी ठरलेले बिट खोटे पडतील. म्हणून सुरुवातीलाच तो एका चिमुकल्या कपॅसिटरवर साठवून ठेवतात आणि तुलना त्या साठ्याशी होते.

भागायचं १०२३ ने की १०२४ ने? दोन्ही सापडतं.

१०२४ ने. पायऱ्या १०२४ आहेत, क्रमांक ० ते १०२३. शेवटचा क्रमांक रेफरन्सच्या एक पायरी खाली असतो. फरक एक सहस्रांशाचा आहे, त्यावरून भांडण्यापेक्षा रेफरन्स मोजून घेतलेला बरा.

बॅटरी मोजायला १ मेगाओहमचे दोन रेझिस्टर लावून डिव्हायडर केला. एकटा वाचला तर ठीक, दुसऱ्या पिननंतर लगेच वाचला तर आकडा त्या पिनकडे झुकतो.

मघाचा चिमुकला कपॅसिटरच इथे आडवा येतोय. सगळ्या अॅनालॉग पिनांना मिळून तो एकच आहे, साधारण १४ पिकोफॅरडचा, आणि आधीच्या पिनचा चार्ज त्यावर उरलेला असतो. तो काढून तुमचा दाब भरायला जेमतेम दीड ठोका, १२ मायक्रोसेकंद मिळतात. तुमच्या डिव्हायडरचा स्रोत-रोध ५०० किलोओहम. त्याला १४ पिकोफॅरडने गुणलं की ७ मायक्रोसेकंदांचा टाइम कॉन्स्टंट येतो. दहा बिटांच्या अचूकतेला असे साडेसात टाइम कॉन्स्टंट हवेत, म्हणजे ५० मायक्रोसेकंदांहून जास्त. तुम्हाला दोनही मिळत नाहीत. ढोबळ हिशेबाने आधीच्या पिनशी असलेल्या फरकाचा सहावा हिस्सा तसाच राहतो.

डेटाशीटमध्ये १० किलोओहम किंवा कमी स्रोत-रोध सुचवलाय तो यासाठीच. पण एवढे लहान रेझिस्टर बॅटरी पीत राहतील. त्यापेक्षा पिन आणि ग्राउंड यांच्यात १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावा. १४ पिकोफॅरडपेक्षा तो सुमारे सात हजार पट मोठा आहे, त्यामुळे आतला कपॅसिटर भरून दिला तरी त्याची पातळी एका पायरीइतकीही हलत नाही. मात्र तो पुन्हा भरायला ५०० किलोओहममधूनच चार्ज येणार, टाइम कॉन्स्टंट ५० मिलिसेकंद. सेकंदातून दोन-चारदा वाचा, सलग शेकडो वाचनं घेऊ नका. बॅटरीला तेवढं पुष्कळ आहे.

माझा आकडा २७९ आणि २८० मध्ये नाचतो. बारा बिटांचा एडीसी घेऊ का?

तो नाच ०.१ अंशाचा आहे. एलएम-३५च्या चांगल्या प्रतीलाही २५ अंशांवर हमी अर्ध्या अंशाची असते. रेफरन्स १.०८३ असताना सूत्रात १.१ ठेवलात तर ३० अंशांवर आणखी जवळपास अर्धा अंश चुकेल, मग बिट बारा असोत की सोळा. जास्त बिटांनी पायऱ्या बारीक होतात, पट्टी खरी होत नाही.

बारीक चढउतारच बघायचे असतील तर १६ वाचनांची बेरीज करून ती दोन बिटांनी उजवीकडे सरकवा (`sum >> 2`), बारा बिटांचा आकडा मिळेल. अट अशी, की मूळ आकडा एखाद-दुसऱ्या पायरीने हलत असला पाहिजे. अगदी ठप्प उभ्या आकड्याची सोळा वेळा बेरीज केली तर तोच आकडा चौपट होऊन परत येतो, नवं काही कळत नाही. तुमचा नाचतोय, म्हणजे चालेल.