सॅलरी स्लिपवरून जुन्या आणि नव्या करप्रणालीचा हिशोब कसा काढावा?

प्रश्न: महिन्याचा ग्रॉस १,२५,०००. बेसिक ६०,०००, एचआरए ३०,०००, स्पेशल अलाउन्स ३५,०००. पीएफ ७,२०० आणि प्रोफेशनल टॅक्स कापतात. मुलुंडला भाड्याने राहतो, भाडं ३२,०००. पीपीएफमध्ये वर्षाला ७०,०००, मेडिक्लेमचा हप्ता २५,०००. एचआर विचारतंय, जुनी की नवी?

उत्तर:

तुमच्या आकड्यांवर नवी करप्रणाली साधारण अकरा हजारांनी स्वस्त पडते. खालचा हिशोब आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या दरांनी केला आहे.

सुरुवात ऑफर लेटरमधल्या सीटीसीपासून करू नका, स्लिपवरच्या ग्रॉसपासून करा. सीटीसीत कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि बहुधा ग्रॅच्युइटीही धरलेली असते, ती तुमच्या करपात्र पगारात येत नाही. तुमचा वर्षाचा ग्रॉस १५,००,०००.

नव्या प्रणालीचं काम दोन ओळींत होतं. ७५,००० स्टँडर्ड डिडक्शन वजा केलं की १४,२५,००० उरतात. पहिल्या चार लाखांवर शून्य, पुढच्या चार लाखांवर ५ टक्के म्हणजे २०,०००, त्यापुढच्या चार लाखांवर १० टक्के म्हणजे ४०,०००, आणि उरलेल्या २,२५,००० वर १५ टक्के म्हणजे ३३,७५०. एकूण ९३,७५०, त्यावर ४ टक्के सेस धरून ९७,५००. 'बारा लाखांपर्यंत कर नाही' ही सवलत इथे लागू नाही, कारण तुमचं करपात्र उत्पन्न त्याच्या वर आहे.

जुन्या प्रणालीत खरी गडबड एचआरएला होते. स्लिपवर एचआरए ३०,००० दिसतो म्हणून वर्षाचे ३,६०,००० सरसकट वजा करणारे पुष्कळ आहेत. सूट मिळते ती तीन आकड्यांतल्या सर्वांत लहान आकड्याची. मिळालेला एचआरए ३,६०,०००. भरलेल्या भाड्यातून बेसिकचा दहावा हिस्सा वजा करून येणारे ३,८४,००० उणे ७२,०००, म्हणजे ३,१२,०००. आणि बेसिकचे ५० टक्के, म्हणजे पुन्हा ३,६०,०००. (डीए असेल तर तो बेसिकमध्ये मिळवायचा असतो, तुमच्या स्लिपवर तो नाही.) तुम्हाला सूट ३,१२,००० ची.

इथे पत्ता महत्त्वाचा आहे. ५० टक्क्यांचा नियम भाड्याचं घर मुंबई, दिल्ली, कोलकाता किंवा चेन्नईत असेल तरच. मुलुंड मुंबईत येतं, पण चेकनाका ओलांडून ठाण्यात याच भाड्याने राहिलात तर ४० टक्के, म्हणजे २,८८,०००. ऑफिस कुठे आहे याचा संबंध नाही. नुसत्या त्या फरकाने जुन्या प्रणालीतला कर ४,९९२ रुपयांनी वाढला असता.

आता पुढे. १५,००,००० मधून ३,१२,००० गेले, ५०,००० स्टँडर्ड डिडक्शन गेलं (जुन्यात ७५,००० नाही), प्रोफेशनल टॅक्सचे २,५०० गेले. प्रोफेशनल टॅक्स महिन्याला २०० दिसतो, पण फेब्रुवारीत ३०० कापतात, म्हणून २,४०० नाही. मग ८०सी, म्हणजे पीएफ-पीपीएफसारख्या बचतीची वजावट. तुमचा पीएफ ८६,४०० आणि पीपीएफ ७०,००० मिळून १,५६,४०० होतात, मर्यादा १,५०,०००. पीएफ आधीच यात मोजला जातो हे विसरून पीपीएफवर वेगळी दीड लाखाची सूट धरली की सगळा हिशोब फसतो. शेवटी मेडिक्लेमच्या हप्त्याचे, म्हणजे ८०डीचे २५,०००. करपात्र उरलं ९,६०,५००. पाच लाखांपर्यंत १२,५००, उरलेल्या ४,६०,५०० वर २० टक्के म्हणजे ९२,१००. एकूण १,०४,६००, सेस धरून १,०८,७८४.

फरक ११,२८४. जुनी बरोबरीला यायला आणखी ५४,२५० ची वजावट लागेल. एनपीएस या पेन्शन योजनेत स्वतःचे ५०,००० टाकले (८०सीच्या वरची वेगळी सूट) तरी जुनी ८८४ रुपयांनी महागच राहते. शिवाय ते पैसे निवृत्तीपर्यंत बहुतांशी अडकतात, त्यामुळे फक्त करासाठी मी ते करणार नाही.

त्याऐवजी एचआरला हे विचारा: स्पेशल अलाउन्समधला काही भाग कंपनीच्या वाट्याच्या एनपीएसमध्ये वळवता येतो का? ही वजावट नव्या प्रणालीतही मिळते, बेसिकच्या १४ टक्क्यांपर्यंत. तुमच्यासाठी ती १,००,८०० होते आणि कर ९७,५०० वरून सुमारे ८१,७७५ वर येतो. अर्थात तेवढी रक्कम हातात येणार नाही, तीही एनपीएसमध्येच अडकते.

एचआरला आज जे सांगाल ते फक्त टीडीएस कापण्यासाठी. धंद्याचं उत्पन्न नसेल तर रिटर्न भरताना प्रणाली बदलता येते, पण रिटर्न मुदतीत भरलं तरच. उशीर झाला की नवीच लागते. त्यामुळे भाड्याच्या पावत्या आणि घरमालकाचा पॅन घेऊन ठेवा. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असल्याने कंपनी तो मागेलच. मधेच बेसिक वाढला किंवा घर बदललं तर एचआरएचे तिन्ही आकडे त्या महिन्यापासून वेगळे काढा.